एक्स्टेंडरचे दिवे हिरवे, पण नेट नाही: राऊटरच्या सेटिंग बदलल्यावर काय तपासायचं

मावशीचं घर गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत आहे. एकामागे एक तीन खोल्या आणि मधल्या भिंती चांगल्या जाडजूड. केबलची वायर दाराजवळून आत येते, म्हणून राऊटर बाहेरच्या खोलीत. काकांचा टीव्ही अगदी मागच्या खोलीत. तिथे राऊटरची रेंज पोचत नाही, म्हणून मधल्या खोलीतल्या प्लगमध्ये एक्स्टेंडर लावलेला आहे. दोन वर्षं तो बिनतक्रार चालला. मग केबलवाल्याचा माणूस येऊन जुना फायबरचा डबा काढून नवा लावून गेला आणि संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"अरे, दिवे तर सगळे हिरवे आहेत. वायफायचं नाव दिसतंय, पासवर्डही घेतोय. पण टीव्हीवर काही लागत नाही. बाहेरच्या खोलीत मात्र माझा फोन छान चालतोय."

तिच्या या चार वाक्यांत निदान जवळजवळ पूर्ण होतं. फक्त ते कसं वाचायचं ते माहीत हवं. या लेखात मी तेवढंच सांगणार आहे: राऊटरमध्ये काहीतरी बदललं, एक्स्टेंडर हिरवाच राहिला आणि त्याच्यामागची उपकरणं मात्र कोरडी राहिली, तर कुठून सुरुवात करायची. एक्स्टेंडर लगेच रीसेट करू नका. रीसेटने पुष्कळदा काम होतं, पण दोष राऊटरमध्ये असेल तर तासभर जातो आणि जुन्या सेटिंगही पुसल्या जातात.

हिरवा दिवा नेमकं काय सांगतो

एक्स्टेंडरवर सहसा तीन-चार दिवे असतात. एक विजेचा असतो. एक-दोन दिवे एक्स्टेंडर स्वतः वायफाय सोडतोय एवढंच दाखवतात, आणि राऊटर बंद असला तरी काही मॉडेलवर ते चालू राहतात. आपल्याला हवा तो दिवा सिग्नलचा किंवा लिंकचा. बऱ्याच मॉडेलवर तो राऊटरशी जोड चांगली असली की हिरवा, दूर पडत असला की पिवळा किंवा लाल होतो. कुठला दिवा कशाचा ते एक्स्टेंडरच्या अंगावर किंवा सोबतच्या कागदावर छापलेलं असतं. ते आधी बघून घ्या.

लिंकचा दिवा हिरवा असेल तर दोन गोष्टी सिद्ध झाल्या: एक्स्टेंडरला राऊटर ऐकू येतोय, आणि त्याच्याकडे असलेलं नाव-पासवर्ड राऊटरने मान्य केलंय. म्हणजे पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. पासवर्ड चुकला असता तर हा दिवा हिरवा राहिलाच नसता. दिव्याचं काम इथेच संपतं. पलीकडे इंटरनेट आहे का, उपकरणांना बरोबर पत्ता मिळालाय का, हे बहुतेक एक्स्टेंडर बघतच नाहीत.

म्हणून दोष पासवर्डच्या पुढच्या पायरीवर शोधायचा. ती पायरी म्हणजे आयपी पत्ता.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला राऊटर एक पत्ता देतो, उदाहरणार्थ `192.168.1.104`. घरगुती राऊटरमध्ये पहिले तीन आकडे इमारतीसारखे आणि शेवटचा खोली क्रमांकासारखा समजा. पत्त्यासोबत राऊटर आणखी एक गोष्ट कळवतो: बाहेर जायचं फाटक कुठे आहे. फोनच्या पडद्यावर त्याला `Gateway` म्हणतात, आयफोनवर `Router`. घरगुती जाळ्यात हे फाटक म्हणजे राऊटर स्वतः. राऊटरने आपला पत्ता बदलला की फाटक हललं. जुनं फाटक धरून बसलेली उपकरणं मग वायफायला जोडलेली दिसतात, पण बाहेर पडू शकत नाहीत.

कोणी न बदलता राऊटर कसा बदलतो

मावशी शपथेवर सांगत होती की राऊटरला कोणी हात लावला नाही. ते खरंही होतं. नवा फायबरचा डबा आला तो स्वतःच राऊटरचं काम करणारा होता आणि त्याचा पत्ता होता `192.168.1.1`. मावशीचा जुना राऊटर त्याच्यामागे जोडला गेला, आणि त्याचाही पत्ता `192.168.1.1` होता. आत आणि बाहेर एकच मालिका असली, म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखेच असले, तर माहितीचं कुठलं पाकीट कुठे पाठवायचं ते राऊटरला ठरवता येत नाही. म्हणून आजचे अनेक राऊटर असा गोंधळ ओळखून आपला आतला पत्ता आपणहून बदलतात. मावशीचा राऊटर `192.168.0.1` वर सरकला. वायफायचं नाव आणि पासवर्ड होते तेच राहिले, म्हणून एक्स्टेंडर हिरवा राहिला.

तुमच्याकडे कारण वेगळं असू शकेल: राऊटर रीसेट झाला, नवा आला, कोणीतरी मुद्दाम पत्ता बदलला. खूण मात्र एकच असते. जवळ नेट आहे, एक्स्टेंडरमागे नाही.

आधी एक्स्टेंडरला बाजूला काढा

एक्स्टेंडर प्लगमधून काढून ठेवा. तो चालू असताना राऊटर तपासू नका, कारण दोघांच्या वायफायचं नाव सारखं असलं तर फोन कुणाला जोडलाय ते कळत नाही. फोनचा मोबाइल डेटाही बंद करा. वायफायवर नेट नसलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटा वापरतात आणि आपल्याला वाटतं चाललं.

आता राऊटरजवळ उभे राहा, फोनचं वायफाय एकदा बंद करून चालू करा आणि एखादं पान उघडून बघा. इथेच नेट नसेल तर एक्स्टेंडर निर्दोष आहे, केबलवाल्याला फोन करा. नेट असेल तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नावाशेजारचं चाक किंवा `i` दाबा. तिथे `IP address` आणि `Gateway` सापडतील. हे दोन्ही कागदावर लिहून ठेवा. लक्षात ठेवू म्हणाल तर दहा मिनिटांत `0` आणि `1` ची अदलाबदल होते. मावशीकडे मी असं लिहिलं:

```
राऊटरजवळ, एक्स्टेंडर बंद
IP address  192.168.0.104
Gateway     192.168.0.1
```

मग क्रमाने चालू करा

एक्स्टेंडर अजून बंदच आहे. राऊटर बंद करा, मिनिटभर थांबून चालू करा, आणि त्याला पूर्ण जागं व्हायला तीन मिनिटं द्या. मग एक्स्टेंडर लावा. त्याचा लिंकचा दिवा हिरवा झाल्यावरच टीव्ही, फोन, लॅपटॉप बंद करून चालू करा.

हा क्रम पाळायला एक कारण आहे. राऊटर पत्ता कायमचा देत नाही, ठराविक मुदतीसाठी देतो; अनेक घरगुती राऊटरमध्ये ती २४ तासांची असते. राऊटर बदलला तेव्हा त्याला थेट जोडलेल्या फोनची जोड तुटली, म्हणून त्यांनी लगेच नवा पत्ता मागितला. एक्स्टेंडरमागच्या टीव्हीला यातलं काहीच कळलं नाही, कारण एक्स्टेंडरचं वायफाय सलग चालूच होतं. टीव्हीने मुदत संपेपर्यंत जुना पत्ता सांभाळला. काही घरांत दुसऱ्या दिवशी "आपोआप सुरू झालं" म्हणतात, ते यामुळेच. क्रमाने बंद-चालू केल्यावर सगळेच नव्याने पत्ता मागतात, आणि दोष एवढाच असेल तर इथेच काम संपतं.

मावशीकडे संपलं नाही.

एक्स्टेंडरमागून तेच दोन आकडे वाचा

फोन घेऊन एक्स्टेंडरजवळ जा आणि त्याला जोडा. नाव वेगळं असेल तर सोपं आहे. नाव एकच असेल तर घरातल्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यात जा, म्हणजे फोन एक्स्टेंडरच धरेल. वायफाय बंद-चालू करा आणि पुन्हा तेच पान उघडा. फोन "नेट नाही, तरी जोडलेलं ठेवू का" असं विचारेल तर हो म्हणा. मावशीच्या मागच्या खोलीत आलं ते असं:

```
मागची खोली, एक्स्टेंडरवरून
IP address  192.168.1.112
Gateway     192.168.1.1
```

राऊटर आता `192.168.0` मालिकेचे पत्ते वाटतोय आणि इथे आत्ता, नव्याने, `192.168.1` चा पत्ता मिळाला. राऊटरने तो दिला असणं शक्य नाही. घरात पत्ते वाटणारा दुसरा कोणीतरी आहे, आणि तो एक्स्टेंडर आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण मीही पूर्वी यात अडकलो आहे. एक्स्टेंडरचा स्वतःचा पत्ता जुना राहिला, एवढ्याने सहसा नेट अडत नाही. त्याचं काम आलेलं पाकीट पुढे ढकलण्याचं, त्याला स्वतःचा पत्ता लागतो तो फक्त त्याच्या सेटिंगचं पान उघडण्यासाठी. नेट अडतं ते तो पत्ते वाटत असला तर. या वाटपाला सेटिंगमध्ये `DHCP Server` म्हणतात. मावशीकडे दोन वर्षांपूर्वी ज्याने एक्स्टेंडर बसवला त्याने त्याला `192.168.1.254` हा पक्का पत्ता दिला होता आणि वाटपही चालू ठेवलं होतं. जोवर राऊटर `192.168.1.1` वर होता तोवर दोघांच्या वाटपातलं फाटक एकच होतं, म्हणून दोन वर्षं कुणाला काही जाणवलं नाही.

अशा घरात आणखी एक विचित्र खूण दिसते. पत्ता मागितल्यावर राऊटर आणि एक्स्टेंडर दोघंही उत्तर देतात, आणि उपकरण सहसा आधी आलेलं उत्तर धरतं. त्यामुळे एक्स्टेंडरमागचा एखादा फोन नशिबाने चालतो आणि टीव्ही चालत नाही. उलट राऊटरजवळच्या एखाद्या लॅपटॉपलाही कधी चुकीचा पत्ता मिळतो. "कधी चालतं, कधी नाही" अशी तक्रार असली तर माझा पहिला संशय दोन वाटणाऱ्यांवर जातो.

तुमचे आकडे वेगळे आले तर वाचन असं करा. पत्ता `169.254` ने सुरू होत असेल, किंवा अँड्रॉइड फोन पत्ता मिळवण्याच्या पायरीवरच अडकून सुटत असेल, तर पत्ता कुणीच दिलेला नाही. मागणी एक्स्टेंडरमधून राऊटरपर्यंत पोचत नाहीये, किंवा राऊटर नाकारतोय. आणि दोन्ही ठिकाणी फाटक अगदी सारखं असेल, तरी नेट नसेल, तर राऊटरमधली उपकरणांची परवानगी-यादी बघा. तिच्याकडे पुढे येतो.

एक्स्टेंडरच्या आत शिरा

एक्स्टेंडरला जोडलेल्या फोनवर, मोबाइल डेटा बंद ठेवून, ब्राउझरमध्ये एक्स्टेंडरचा पत्ता टाका. मावशीकडे `http://192.168.1.254`. पत्ता माहीत नसेल तर एक्स्टेंडरच्या पाठीवरचं लेबल बघा. तिथे पत्ता नाहीतर नाव छापलेलं असतं. टीपी-लिंकच्या एक्स्टेंडरवर `tplinkrepeater.net`, नेटगिअरच्या एक्स्टेंडरवर `mywifiext.net`. एक्स्टेंडरला पक्का पत्ता दिलेला असेल तर कधी कधी नावाने उघडत नाही, आकड्यानेच उघडतं.

फोनला नव्या मालिकेचा पत्ता मिळालाय आणि एक्स्टेंडर जुन्या मालिकेत बसलाय, असं असेल तर पान उघडणार नाही. तेव्हा फोनला तात्पुरता जुन्या मालिकेत न्यावं लागतं. वायफायच्या त्या नावाच्या सेटिंगमध्ये `IP settings` हे `DHCP` वरून `Static` करा, पत्ता `192.168.1.50`, फाटक `192.168.1.254`, आणि `Prefix length` विचारलं तर `24` भरा. आयफोनवर हेच `Configure IP` मध्ये `Manual` निवडून होतं, तिथे `Subnet Mask` मध्ये `255.255.255.0`. काम झाल्यावर हे परत आधीसारखं करायला विसरू नका. विसरलात तर त्या फोनवर नेट चालणार नाही आणि तुम्ही पुन्हा एक्स्टेंडरला दोष द्याल.

आत गेल्यावर `Network` किंवा `LAN` अशा नावाचं पान शोधा. तिथे दोन गोष्टी करायच्या आहेत. `DHCP Server` बंद करा. `Auto`, `Enable`, `Disable` असे तीन पर्याय असतील तर `Disable`. `Auto` मध्ये एक्स्टेंडरने राऊटर सापडला नाही तरच वाटप करायचं असतं. पण वीज जाऊन आली आणि राऊटरआधी एक्स्टेंडर जागा झाला, तर मधल्या काळात तो वाटायला लागू शकतो. म्हणून मी घरगुती जोडणीत सरळ `Disable` ठेवतो. दुसरं, एक्स्टेंडरचा स्वतःचा पत्ता पक्का असेल तर तो राऊटरकडून आपोआप घेण्यावर टाका. हा पर्याय `Smart IP`, `Dynamic IP` किंवा `Get IP address automatically` अशा नावांनी दिसतो.

`Save` दाबल्यावर पान अडकेल, बहुधा कायमचं. घाबरू नका. एक्स्टेंडरचा पत्ता बदलला, म्हणून जुन्या पत्त्यावरचं पान आता उरलंच नाही. दोन मिनिटं थांबा, एक्स्टेंडर प्लगमधून काढून लावा, फोनचं वायफाय बंद-चालू करा आणि तिसऱ्यांदा ते दोन आकडे वाचा. मावशीच्या मागच्या खोलीत या वेळी फाटक `192.168.0.1` आलं आणि काकांचा टीव्ही बंद करून चालू केल्यावर लागला.

घरात विंडोजचा लॅपटॉप असेल तर खात्री अशी करता येते:

```
ipconfig /release
ipconfig /renew
ping 192.168.0.1
ping 8.8.8.8
```

पहिल्या दोन ओळी जुना पत्ता टाकून नवा मागतात. तिसरीला उत्तर आलं तर एक्स्टेंडरमधून राऊटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. चौथीला आलं तर बाहेरचाही. चौथीला उत्तर येतं आणि तरीही पानं उघडत नाहीत, असं असेल तर साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या `DNS` चा पत्ता लॅपटॉपमध्ये कोणी हाताने जुना भरलेला आहे का ते बघा आणि तोही आपोआप घेण्यावर ठेवा.

राऊटरच परत जुन्या पत्त्यावर का नेऊ नये

हा प्रश्न काकांनी विचारला आणि तो योग्य होता. राऊटर एकटाच असेल, म्हणजे रीसेट झाल्यामुळे किंवा नवा आल्यामुळे पत्ता बदलला असेल, तर त्याचा `LAN` पत्ता परत जुना करणं हा उत्तम उपाय आहे. एका बदलात एक्स्टेंडर, प्रिंटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर सगळे जागेवर येतात. पण मावशीकडे `192.168.1.1` वर नवा डबा बसलाय. राऊटर तिथे परत नेला की पुन्हा तोच टकराव होतो. एकतर तो स्वतः परत सरकेल, किंवा सगळ्या घराचं नेट जाईल.

असा डबा पुढे आहे का हे ओळखणं सोपं आहे. राऊटरजवळ उभं राहून ब्राउझरमध्ये जुना पत्ता टाका. तुमच्या राऊटरऐवजी भलत्याच यंत्राचं लॉगिन पान उघडलं तर तो पुढचा डबा आहे. तेव्हा राऊटर नव्या पत्त्यावरच राहू द्या.

मग हाताने पत्ता भरलेली बाकीची उपकरणंही शोधायला हवीत. प्रिंटर आणि कॅमेऱ्याचा रेकॉर्डर यांत असा पक्का पत्ता पुष्कळदा सापडतो, कारण बसवणाऱ्याला तेच सोयीचं असतं. त्यांच्या सेटिंगमध्ये पत्ता आपोआप घ्या असं करा. पत्ता कायम एकच हवा असेल तर तो राऊटरमधल्या `Address Reservation` मध्ये त्या उपकरणाच्या नावावर राखून ठेवा. उपकरणात हाताने भरलेला पत्ता राऊटर हलला की उघडा पडतो. राऊटरमध्ये राखलेल्या पत्त्याचं तसं होत नाही, उपकरण फाटक राऊटरलाच विचारतं.

फाटक बरोबर, तरी नेट नाही

आता राहिली ती परवानगी-यादी. राऊटरमध्ये `Access Control` किंवा `MAC Filter` चालू केलेलं असेल तर यादीतल्याच उपकरणांना प्रवेश मिळतो. प्रत्येक उपकरणाची एक ओळख असते, तिला मॅक पत्ता म्हणतात. बरेच एक्स्टेंडर आपल्यामागच्या उपकरणांची ही ओळख बदलून राऊटरला सांगतात. त्यामुळे फोन यादीत असतो, थेट जोडला की चालतो, आणि एक्स्टेंडरमधून गेला की राऊटरला परका वाटतो. ही यादी मिनिटभर बंद करून बघा. लगेच नेट आलं तर कारण सापडलं. मग एक्स्टेंडरमधून जोडलेलं असताना राऊटरमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत जी ओळख दिसते ती परवानगीत घाला, किंवा यादी सोडून द्या आणि वायफायचा पासवर्ड लांब ठेवा. घरासाठी मी दुसरा मार्ग घेईन.

आणि एवढं करूनही एक्स्टेंडरच्या पानात शिरताच येत नसेल, जुना पासवर्ड कोणाला ठाऊक नसेल, तर आता रीसेट करा. टाचणीने बारीक छिद्रातलं बटण दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरा, आणि राऊटरच्या नाव-पासवर्डाने त्याला नव्याने जोडा. कारखान्यातून आलेल्या अवस्थेत तो पत्ता बहुधा राऊटरकडूनच घेतो. तरी शेवटी ते दोन आकडे वाचल्याशिवाय उठू नका.

मावशीकडून निघताना मी एक चिठ्ठी लिहून राऊटरच्या बुडाशी चिकटवली: डबा `192.168.1.1`, राऊटर `192.168.0.1`, एक्स्टेंडर आपोआप, त्याचं वाटप बंद, आणि खाली त्या दिवशीची तारीख. केबलवाल्याचा माणूस पुढच्या वेळी येईल तेव्हा मावशी त्याला ती दाखवणार आहे.